मॅट्रिक्स रचनेत दुसऱ्या विभागाच्या सहकाऱ्याला कामाबद्दलचा फीडबॅक कोणी आणि कसा द्यावा?

आरोह

नमस्कार. मी एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आमची संस्था मॅट्रिक्स पद्धतीने चालते, त्यामुळे माझ्या टीममधील कोणीही कागदोपत्री माझ्या हाताखाली नाही. प्रत्येकाचा आपापल्या विभागाचा मॅनेजर वेगळा आहे. रजा, पगारवाढ, बढती आणि वार्षिक अप्रेझल हे सर्व तिकडे ठरते. रोजचे काम मात्र माझ्याबरोबर चालते.

टीममधील टेस्टर गुणवत्ता विभागाच्या आहेत. त्यांचा 60 टक्के वेळ माझ्या प्रकल्पाला दिलेला आहे आणि उरलेला 40 टक्के त्यांचा विभाग वापरतो. त्यांची तांत्रिक समज चांगली आहे. अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, मागील तीनही रिलीजच्या वेळी त्यांनी सापडलेले दोष शुक्रवारी, म्हणजे चाचणीच्या शेवटच्या दिवशी, एकत्र नोंदवले. वास्तविक गंभीर दोष बुधवारपर्यंत नोंदवायचे असे चाचणीच्या आराखड्यात लिहिलेले आहे आणि तो आराखडा त्यांनीच तयार केला आहे. दुसरी अडचण अशी की, त्यांच्या नोंदी अपुऱ्या असतात. दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी नेमके काय करायचे ते लिहिलेले नसते आणि डेव्हलपरला त्यांना विचारत बसावे लागते.

सहा आठवड्यांनी अप्रेझल आहे. त्यांचे मॅनेजर माझ्याकडून लेखी मत मागवणार आहेत. मी हे आधी त्यांना स्वतःला सांगावे की त्यांच्या मॅनेजरांना? आणि सांगताना माझा अधिकार नेमका कुठपर्यंत पोहोचतो?

सडेतोड

माझ्या मते प्रश्न सरळ आहे. ज्याच्या हातात अप्रेझल त्याच्या हातात फीडबॅक. आपण त्यांच्या मॅनेजरांना सविस्तर मेल लिहावा आणि पुढचे त्यांच्यावर सोडावे. आपण थेट बोललात आणि त्यांना ते पटले नाही, तर आपल्यापाशी करण्यासारखे काहीच उरत नाही. उलट आपण अधिकार नसताना बोललात अशी तक्रार व्हायची. शिवाय त्यांच्या कामाचा दर्जा सुधारणे, त्यांना प्रशिक्षण देणे किंवा त्यांच्या जागी दुसरी व्यक्ती देणे हे फक्त तेच करू शकतात.

मध्यमा

सडेतोड यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. प्रशिक्षण, माणूस बदलणे, लेखी समज देणे आणि मूल्यांकनाची श्रेणी ठरवणे या गोष्टी फंक्शनल मॅनेजरच्या, म्हणजे विभागाच्या मॅनेजरच्याच आहेत आणि प्रोजेक्ट मॅनेजरने त्यांची भाषा बोलूसुद्धा नये. “असेच चालू राहिले तर अप्रेझलमध्ये दिसेल” हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही, कारण तो निर्णय आपला नाही. परंतु पहिले संभाषण मॅनेजरकडे न्यावे हे मला मान्य नाही. मी अनेक वर्षे विभाग सांभाळला आहे, त्यामुळे त्या खुर्चीतून ते कसे दिसते ते सांगते.

प्रोजेक्ट मॅनेजरचा असा मेल माझ्याकडे येई तेव्हा घटना मी स्वतः पाहिलेली नसे. मी माझ्या विभागातील व्यक्तीला बोलावून “तुमच्याबद्दल असे कळले आहे” एवढेच म्हणू शकत असे. तिने विचारले की कोणत्या दिवशी, कोणत्या नोंदीबाबत, तर मला उत्तर देता येत नसे. मग ती व्यक्ती स्वतःचा बचाव करू लागे, मीही नकळत तिच्या बाजूने उभी राहत असे आणि मूळ काम बाजूला पडून दोन मॅनेजरांमधला वाद सुरू होई. ज्याने काम पाहिले त्यानेच ते सांगावे, याचे कारण एवढेच की त्यालाच प्रश्न विचारता येतात. पाहिलेल्या कामाबद्दल बोलायला पदाचा अधिकार लागत नाही. परिणाम घोषित करायला लागतो.

मात्र त्याआधी त्यांच्या मॅनेजरांशी दहा मिनिटे बोलून घ्यावे. हे बोलणे त्या टेस्टरविषयी नसावे, आपसातील व्यवस्थेविषयी असावे. प्रकल्पातील रोजच्या कामाबद्दल मी थेट बोलत जाईन, आपल्याला चालेल ना? कोणत्या प्रकारची गोष्ट आपल्याला लगेच कळवावी आणि कोणती आमच्यात राहिली तरी चालेल? वर्षअखेरीस माझे मत आपल्याला कोणत्या स्वरूपात हवे आहे? एवढे ठरले की थेट बोलल्याची तक्रार सहसा होत नाही.

आणि आरोह, आपण काही बोलण्याआधी एक काम करावे. आपण सांगितलेल्या दोन अडचणी एकाच जातीच्या नाहीत. उशीर हा ज्या माणसाचे दोन मालक आहेत त्याच्या बाबतीत नेहमी संशयास्पद पुरावा असतो. तो माणसाचा असेल किंवा दोन मालकांमधला असेल. अपुरी नोंद ही मात्र बहुधा लिहिणाऱ्याचीच असते. तीनही रिलीजच्या तारखा काढाव्यात: बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी दिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती, त्यांच्या हातात कधी आला, त्यांनी चाचणी कधी सुरू केली आणि पहिला दोष कधी सापडला.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे दोन मॅनेजरांच्या मधला कर्मचारी. माझ्या बाबतीत असे झाले की, वर्षभर प्रोजेक्ट मॅनेजर “सर्व उत्तम चालले आहे” म्हणत राहिले आणि अप्रेझलच्या बैठकीत माझ्या विभागाच्या मॅनेजरांनी “संवादकौशल्य कमी पडते असे प्रकल्पाकडून कळवले आहे” असे वाचून दाखवले. कोणता प्रसंग ते त्यांनाही माहीत नव्हते. मी नंतर प्रोजेक्ट मॅनेजरांना विचारले, तेव्हा त्यांनी “ते इतके गंभीर नव्हते” असे सांगितले, पण श्रेणी तोवर ठरून गेली होती. अशा वेळी कर्मचाऱ्याने दाद कुठे मागावी, दोघांपैकी कोणाकडे? आपला धागा याच विषयाचा आहे असे समजून विचारतो आहे.

रेखांश

उंबरठा, आपला प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी तो इथे उपयोगी पडतो. मी मनुष्यबळ विभागात काम करतो. दाद विभागाच्या मॅनेजरकडेच मागावी लागते, कारण श्रेणीवर सही त्यांची असते. परंतु मागताना “श्रेणी बदला” असे न म्हणता “त्या शेऱ्यामागचा प्रसंग प्रकल्पाकडून लेखी मागवावा” असे म्हणावे. प्रसंग आला नाही, तर तो शेरा टिकवणे त्यांनाही कठीण जाते.

आरोह यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, जी प्रोजेक्ट मॅनेजरांना बहुधा दिसत नाही. अनेक संस्थांमध्ये श्रेणी पक्की होण्याआधी विभागांचे मॅनेजर एकत्र बसतात आणि आपापल्या लोकांच्या श्रेणी एकमेकांशी ताडून पाहतात. त्या खोलीत प्रोजेक्ट मॅनेजर नसतो. तिथे फक्त त्याने लिहिलेली चार वाक्ये पोहोचतात आणि ती अशा लोकांसमोर वाचली जातात ज्यांना प्रकल्पाची पार्श्वभूमी ठाऊक नसते. “आणखी पुढाकार घ्यायला हवा” असे वाक्य तिथे गेले की ज्याला जो अर्थ सोयीचा तो लावला जातो. आपण हजर नसताना ज्याचा एकच अर्थ निघेल, तेवढेच लिहावे.

आरोह

मध्यमा, आपल्या सांगण्याप्रमाणे मी तारखा काढल्या. ठरलेली पद्धत अशी आहे की, बिल्ड सोमवारी मिळतो, चाचणी शुक्रवारी संपते आणि बुधवारपर्यंत गंभीर दोष कळले की डेव्हलपरांना दुरुस्तीसाठी दोन दिवस मिळतात.

पहिल्या रिलीजमध्ये बिल्डच बुधवारी दुपारी मिळाला होता. दुसऱ्या रिलीजमध्ये बिल्ड सोमवारी वेळेवर मिळाला, परंतु त्या गुरुवारपर्यंत आपल्या विभागाच्या दुसऱ्या कामावर होत्या. त्यांच्या मॅनेजरांनी त्यांना तिकडे घेतले होते आणि तसा मेल त्यांना गेला होता, पण त्यात माझे नाव नव्हते. तिसऱ्या रिलीजमध्ये बिल्ड सोमवारी मिळाला, त्यांनी मंगळवारी सकाळी चाचणी सुरू केली आणि त्यांच्या स्वतःच्या टिपणांनुसार पहिला गंभीर दोष मंगळवारी दुपारीच सापडला; बग ट्रॅकरमध्ये मात्र तो शुक्रवारी आला.

नोंदींबद्दल सांगायचे तर, तिसऱ्या रिलीजमध्ये एकूण 22 दोष नोंदवले गेले आणि त्यांपैकी 9 डेव्हलपरांनी “माहिती अपुरी” असा शेरा मारून परत पाठवले.

मध्यमा

म्हणजे “तीनही वेळा उशीर” असे एक वाक्य आपण लिहिले असते, तर त्यातला दोन तृतीयांश भाग चुकीचा ठरला असता. पहिला उशीर डेव्हलपमेंटकडून आलेला आहे. दुसरा त्यांच्या मॅनेजरांच्या आणि आपल्या मधला आहे, त्या फक्त त्यात सापडल्या. तिसरा तेवढा त्यांच्याशी बोलण्याजोगा दिसतो.

दुसरा आपण त्यांच्या मॅनेजरांकडे न्यावा आणि त्यात टेस्टरचे नाव न घेता वेळेच्या वाटपाचा विषय म्हणून न्यावा. 60 टक्के म्हणजे काय, हेच बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. आठवड्याचे तीन दिवस, की महिन्याची सरासरी? सरासरी असेल, तर रिलीजच्या आठवड्यात त्यांना चार दिवस दुसरीकडे नेले तरी कागदावर 60 टक्के पूर्ण होऊ शकतात आणि दोन्ही मॅनेजर आपापल्या परीने खरे ठरतात. रिलीजच्या आठवड्यात त्या सोमवार ते शुक्रवार प्रकल्पाकडे राहतील आणि मधल्या आठवड्यांत विभाग आपला वाटा भरून काढेल, असे काही ठरवून घ्यावे.

आता त्यांच्याशी बोलताना. दोघांनीच बसावे, मेलवर बोलू नये आणि त्यांच्या मॅनेजरांना प्रतीत ठेवून तर मुळीच लिहू नये; ती प्रत पाहिल्याबरोबर तो फीडबॅक राहत नाही, तक्रार होते. मी साधारण असे बोलले असते: “मागच्या रिलीजमध्ये पेमेंटचा दोष आपल्याला मंगळवारी दुपारी सापडला आणि ट्रॅकरमध्ये तो शुक्रवारी आला. त्यामुळे दुरुस्ती रिलीजनंतर करावी लागली. मधल्या तीन दिवसांत काय झाले ते मला समजून घ्यायचे आहे.” आणि इथे थांबावे. “आपण नेहमी शेवटी सांगता” हे म्हणू नये, कारण तारखांनी ते खोटे ठरवले आहे आणि त्या तारखा त्यांच्याकडेही असतील. पहिल्या दोन रिलीजचा उशीर त्यांचा नव्हता हे आपणहून स्पष्ट सांगितलेत, तर तिसऱ्याबद्दलचे बोलणे त्या ऐकून घेतील.

नोंदींसाठी परत आलेल्या 9 पैकी दोन समोर ठेवाव्यात आणि एक पूर्ण नोंदही शेजारी ठेवावी. ती पूर्ण नोंद त्यांचीच असावी, दुसऱ्या कोणाची नसावी. ज्या 13 नोंदी परत आल्या नाहीत त्या त्यांनीच लिहिल्या आहेत, तेव्हा त्यांना ते जमते हे उघड आहे. मग 9 वेळा काय वेगळे झाले, एवढाच प्रश्न उरतो.

सडेतोड

तारखांचा मुद्दा पाहिल्यावर मेल आधी लिहावा हे माझे मत मी मागे घेतो. परंतु एक शंका राहते. संभाषण गोड झाले, त्यांनी होकार दिला आणि पुढच्या रिलीजला पुन्हा तेच झाले तर? मॅनेजरांना काहीच ठाऊक नसेल, तर आपण पुन्हा शून्यापासून सुरुवात करणार का?

मध्यमा

नाही. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी त्यांना एकट्यांना तीन-चार ओळी लिहून पाठवाव्यात: काय बोललो, काय ठरले, पुन्हा कधी पाहायचे. पुढच्या रिलीजला तेच घडले, तर दुसऱ्या संभाषणात त्यांना आधी सांगावे की आता हे मी आपल्या मॅनेजरांशी बोलणार आहे, आपण तिघे बसू किंवा आपण आधी त्यांच्याशी बोला. मग त्यांच्या मॅनेजरांना जे सांगाल ते याच शब्दांत सांगावे. दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द गेले, की त्या दोघांच्या पुढच्या भेटीत ते समोरासमोर येतात आणि त्यानंतर आपल्या कोणत्याही मतावर दोघांचाही विश्वास राहत नाही.

चांगल्या कामाचे उलट आहे. ते मॅनेजरांना लगेच लिहून कळवायला हरकत नाही, टेस्टरना प्रतीत ठेवूनच. विभागाच्या मॅनेजरला वर्षभर प्रकल्पाकडून फक्त अडचणीच कळत असतील, तर त्याच्या मनात त्या व्यक्तीचे चित्र तसेच तयार होते.

आरोह

दोन्ही संभाषणे झाली, म्हणून लिहितो आहे.

त्यांच्या मॅनेजरांशी वेळेच्या वाटपावर बोलणे अपेक्षेपेक्षा सहज झाले. रिलीजचा आठवडा पूर्ण प्रकल्पाकडे राहील, तातडीने कोणाला न्यायचे झाल्यास आधी मला फोन येईल, असे ठरले.

टेस्टरशी बोललो तेव्हा मी मध्यमा यांनी सुचवलेल्या प्रश्नापाशी थांबलो आणि उत्तर मला माहीत नसलेले निघाले. त्यांच्या विभागात असा नियम आहे की, कोणताही दोष ट्रॅकरमध्ये जाण्याआधी विभागातील वरिष्ठ टेस्टरने तो तपासावा. खोटे दोष नोंदवले जातात अशी पूर्वी ओरड झाली होती, म्हणून तो नियम आला. वरिष्ठ व्यक्ती चार प्रकल्प पाहते, म्हणून आमच्या टेस्टर आठवडाभर टिपणे जमवतात आणि शुक्रवारी एकत्र तपासून घेतात. आराखड्यात बुधवार लिहिताना विभागाच्या तपासणीचा वेळ त्यांनी धरलेला नव्हता, हे त्यांनी मान्य केले.

नोंदींबद्दल मात्र त्यांनी लगेच होकार दिला. परत आलेल्या 9 पैकी 8 नोंदी शुक्रवारी दुपारनंतर लिहिलेल्या होत्या. मंगळवारचा दोष शुक्रवारी आठवून लिहिताना कोणत्या बिल्डवर, कोणत्या डेटावर, कोणत्या क्रमाने केले, हे सुटून जाते. आता दोष सापडताच मसुदा लिहून ठेवायचा, त्यात बिल्ड क्रमांक, वापरलेला डेटा, केलेल्या कृती, अपेक्षित निकाल आणि मिळालेला निकाल एवढे असावे, असे त्यांनी स्वतःच सुचवले.

मध्यमा

ही माहिती फार महत्त्वाची आहे. मॅट्रिक्समध्ये काय करायचे आणि कधी करायचे हे प्रकल्प सांगतो, कसे करायचे हे विभाग सांगतो. तपासणीचा नियम “कसे”मध्ये येतो, म्हणून तो मोडायला आपण त्यांना सांगू शकत नाही. “माझ्या प्रकल्पात हा नियम पाळू नका” असे सांगितलेत, तर त्यांना एका मॅनेजरची अवज्ञा करावीच लागेल. हा विषय आपण आणि त्यांचे मॅनेजर यांच्यातला आहे. नियम काढा असे न म्हणता, गंभीर दोषांसाठी तपासणी त्याच दिवशी होईल का, असे विचारून पाहावे.

आरोह

विचारले. नियम काढायला ते तयार नाहीत आणि त्यांची कारणे मला समजतात. रिलीज अडेल असा दोष असेल, तर तो लगेच ट्रॅकरमध्ये “तपासणी बाकी” या शेऱ्यासह नोंदवायचा, बाकीचे दोष तपासणीनंतर, असे तूर्त ठरले आहे. वरिष्ठ टेस्टरचा वेळ कमी पडतो हा प्रश्न तसाच आहे. नंतरच्या रिलीजमध्ये दोन गंभीर दोष बुधवारच्या आत आले. एकूण 17 नोंदींपैकी 2 परत आल्या.

आता अप्रेझलचे मत लिहायचे आहे. आधीच्या अपुऱ्या नोंदींचा उल्लेख करावा का?

रेखांश

करावा. मत कोणत्या काळाचे आहे, त्या काळात त्यांचा किती टक्के वेळ आपल्याकडे होता आणि त्यांची भूमिका काय होती, हे पहिल्याच वाक्यात लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला त्या मताचे वजन कळते. पुढे “एका रिलीजमध्ये 22 पैकी 9 नोंदी अपुऱ्या म्हणून परत आल्या, बोलणे झाल्यावर त्यांनी स्वतः पद्धत बदलली आणि पुढच्या रिलीजमध्ये 17 पैकी 2 परत आल्या” असे लिहावे. यातून सुधारणा दिसते आणि सुधारणा दाखवायची तर आधीची स्थिती लिहावीच लागते. उशिराबद्दल एकही शब्द नको. श्रेणी सुचवू नये. आणि पाठवण्याआधी तो मजकूर त्यांना वाचायला द्यावा.

मध्यमा

वाचायला द्यावा, याबद्दल दुमत नाही. उंबरठा यांच्या बाबतीत जे घडले ते एवढ्याने टळले असते. पण आधीचा आकडा लिहावा याला माझा विरोध आहे. आपणच सांगितलेत की त्या खोलीत पार्श्वभूमी न जाणणारे लोक असतात. त्यांच्या लक्षात “22 पैकी 9” राहील आणि पुढचे अर्धे वाक्य राहीलच असे नाही. शिवाय त्या अपुऱ्या नोंदींना विभागाच्या तपासणीच्या नियमाचाही हातभार होता. तो न लिहिता आकडा लिहिणे अपुरे आहे आणि तो लिहिला तर त्यांच्याच मॅनेजरांच्या नियमावर टीका त्यांच्या अप्रेझलमध्ये होते. जे संभाषणातून सुटले ते तिथेच राहू द्यावे आणि नोंदी आता पूर्ण असतात, मसुद्याची पद्धत त्यांनी स्वतः सुचवली, एवढे लिहावे.

रेखांश

आपली भीती खरी आहे, पण नुसते “नोंदी पूर्ण असतात” हे वाक्य इतर वीस जणांच्या मतांसारखेच वाचले जाईल आणि त्यांनी जे केले त्याचे श्रेय त्यांना मिळणार नाही. मी माझ्या मतावर आहे.

उंबरठा

कर्मचारी म्हणून विचाराल, तर मला आकड्यासह लिहिलेले आवडले असते, फक्त ते आधी मला ठाऊक असायला हवे होते.

आरोह

दोन्ही मसुदे तयार करून मी टेस्टरना दाखवणार आहे आणि कोणता पाठवावा हे त्यांना विचारणार आहे. तपासणीच्या नियमाबद्दल त्यांच्या मॅनेजरांशी पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचे ठरले आहे. वरिष्ठ टेस्टरवरील भार वाटून देता येईल का, हे त्या वेळी पाहू. चार प्रकल्पांना मिळून एकच वरिष्ठ टेस्टर असलेल्या ठिकाणी कोणी हे सोडवले असेल, तर कृपया इथे लिहावे.